झोका थांबल्यावर

सहा महिन्यांचे बाळ रात्री अनेकदा जागे होते. बाळाच्या झोपेची एक फेरी साधारण पन्नास मिनिटांची असते. फेरी संपताना झोप पातळ होते, बाळ हालते, कुरकुरते, कधी डोळे उघडते. मोठ्या माणसांच्या झोपेतही असे होते, पण ती कूस बदलून पुन्हा झोपतात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. झोळीत झोके खात झोपलेल्या बाळाला जाग येते तेव्हा झोका थांबलेला असतो. झोप ज्या हालचालीबरोबर आली ती हालचाल आता नसते, म्हणून ते रडते आणि झोका सुरू झाल्यावरच पुन्हा झोपते. तोंडात स्तन घेऊन किंवा कडेवर फिरत झोपणाऱ्या बाळांचेही असेच होते. म्हणून झोपेचे वळण लावण्याची सुरुवात मध्यरात्रीच्या जागेपासून न करता रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करावी लागते.

या वयाच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. सलग रात्रभर झोपण्याची अपेक्षा मात्र सगळ्याच बाळांकडून करता येत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात सहा महिन्यांच्या सुमारे 38 टक्के बाळांना सलग सहा तासांची झोपही नव्हती. रात्री एकदा किंवा दोनदा दूध लागणे या वयात स्वाभाविक आहे. तेव्हा जाग पूर्ण बंद करायची नसते. भूक नसताना आलेली जाग झोक्यावाचून निभावता येणे एवढेच उद्दिष्ट असते.

सहाव्या महिन्याच्या आसपास झोळी सोडण्याला आणखी एक कारण आहे. बाळ आता पालथे पडू लागते. झोळीत अंग गोळा होते, हनुवटी छातीला टेकू शकते आणि उलटे झालेले बाळ कापडात अडकू शकते. झोपण्याची जागा सपाट व घट्ट असावी. बाळाला पाठीवर निजवावे, शेजारी उशी, लोड, जाड पांघरूण ठेवू नये. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशीही काढून टाकावी. आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या गादीवर झोपणे सर्वांत सुरक्षित असते.

हा बदल कसा करायचा हे एका उदाहरणावरून पाहू. एक सहा महिन्यांची मुलगी सकाळी साडेसहाला उठते. संध्याकाळी सहा ते सात झोळीत झोपते. रात्री नऊपासून तिला झोके द्यायला सुरुवात होते आणि ती दहाला झोपते. मग सव्वाअकरा, एक, अडीच आणि चारला उठते. आधी तीन दिवस या वेळा फक्त लिहून ठेवायच्या. त्यावरून कळते की तिची खरी झोप दहाला येते, नऊपासूनचा तास नुसता झगडण्यात जातो.

म्हणून सुरुवातीला तिची झोपण्याची वेळ दहाच धरायची. साडेनऊला घरातला दूरदर्शन संच बंद होतो आणि दिवे मंद होतात. अंग कोमट पाण्याने पुसणे, कोरडा लंगोट, मग दूध, मग एकच अंगाई आणि गादी असा क्रम रोज तसाच राहतो. दूध गादीच्या आधी वीस मिनिटे आणि थोड्या उजेडात पाजायचे, म्हणजे पिता पिता डोळा लागत नाही. दहापर्यंत झोप दाटून आलेली असते, त्यामुळे झोक्यातला बदल ती कमी तक्रार करून मान्य करते.

पहिल्या तीन रात्री तिला आडवे मांडीवर घेऊन झुलवायचे, पण डोळे जडावले की हालचाल थांबवून हात अंगावर ठेवायचा आणि पूर्ण झोपल्यावर गादीवर ठेवायचे. पुढच्या तीन रात्री मांडीवर न झुलवता नुसते थोपटायचे. त्यानंतरच्या तीन रात्री तिला जागेपणीच गादीवर निजवून थोपटायचे, आणि दहाव्या रात्रीपासून फक्त हात ठेवून शेजारी बसायचे. ती रडू लागली तर उचलून घ्यायचे, शांत करायचे आणि पुन्हा त्याच पायरीवर यायचे. रडत सोडून खोलीबाहेर जाण्याची यात गरज पडत नाही. एखादी पायरी दोन रात्री अजिबात जमली नाही, तर मागच्या पायरीवर आणखी दोनतीन रात्री थांबावे.

ती वीस मिनिटांच्या आत गादीवर झोपू लागली की मग घड्याळाला हात लावायचा. दर दोनतीन रात्रींनी वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, म्हणजे दहावरून साडेआठला यायला सुमारे दोन-अडीच आठवडे लागतात. संध्याकाळची डुलकीही तेवढीच अलीकडे सरकली पाहिजे, नाहीतर साडेआठला झोप येणारच नाही. या वयात शेवटची डुलकी आणि रात्रीची झोप यांत अडीच ते तीन तासांचे अंतर पुरते. सकाळी उठण्याची वेळ मात्र हलवायची नाही. रात्र वाईट गेली तरी साडेसातपर्यंत झोपू दिले की पुढची रात्र पुन्हा लांबते.

मध्यरात्री पहिली कुरकुर ऐकताच उचलू नये. पातळ झोपेत बाळ आवाज करते आणि बरेचदा अर्ध्याएक मिनिटात आपोआप शांत होते. तसे झाले नाही तर हात ठेवावा, मग थोपटावे, मग उचलावे. भूक आहे की सवय, हे दुधावरून ओळखता येते. भुकेले बाळ घोट घेत पोटभर पिते. सवयीने उठलेले दोन मिनिटे चोखून झोपी जाते. पाजताना दिवा मंद ठेवावा, बोलणे टाळावे. दिवसा आजूबाजूला पाहण्याच्या नादात दूध अर्धवट राहिले तर त्याची भरपाई रात्री होते, म्हणून दिवसाची एकदोन पाजणी शांत खोलीत करावीत.

या पद्धतीला मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात 43 बाळांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपण्याची वेळ अशी सरकवलेली बाळे लवकर झोपू लागली, पण रात्रीची जाग तेवढी कमी झाली नाही. ती पुढे हळूहळू कमी होते. ताप, प्रवास किंवा आठव्या महिन्याच्या सुमारास आईपासून दूर होण्याची भीती आली की घडी विस्कटते. तेव्हा दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करावे.

बाळ वेळेआधी जन्मले असेल तर वय जन्मतारखेवरून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. वजन वाढत नसेल, झोपेत नेहमी घोरणे किंवा श्वास अडखळणे दिसत असेल, आडवे करताच बाळ कळवळून रडत असेल, तर वळण लावण्याचा प्रयत्न थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.