सहा, दहा, चौदा आठवडे

बाळाच्या लसीकरण कार्डावर सहा, दहा आणि चौदा आठवडे असे रकाने असतात. या तीन भेटींत पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस पूर्ण होतात. घरी मात्र ‘सहा आठवडे’चा दीड महिना होतो आणि ‘चार आठवडे’चा एक महिना. तारखा चुकायला सुरुवात होते ती इथे.

२ जानेवारी २०२५, गुरुवारी जन्मलेलं बाळ घेऊ. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. जन्माचा दिवस शून्य धरायचा आणि ३ जानेवारीपासून एक, दोन असं मोजायचं. पहिला डोस येतो १३ फेब्रुवारीला. पुढे २८ दिवसांनी १३ मार्च आणि त्यानंतर २८ दिवसांनी १० एप्रिल. फेब्रुवारी २८ दिवसांचा होता, म्हणून पहिल्या दोन तारखा सारख्या आल्या. मार्चमध्ये ३१ दिवस असल्याने तिसरी तारीख तीन दिवस अलीकडे सरकली. वार मात्र तिन्ही वेळा गुरुवारच. पडताळा घ्यायला हे पुरेसं आहे: नेमके आठवडे मोजले असतील, तर वार बदलत नाही. एक दिवस मागेपुढे झाला, तर बहुधा लस दिलेला दिवसच ‘एक’ म्हणून मोजलेला असतो.

आता खरी अडचण. समजा आई माहेरी होती आणि पहिलाच डोस २० मार्चला मिळाला. कार्डावर दुसऱ्या डोसपुढे ‘दहा आठवडे’ लिहिलंय आणि बाळाचे दहा आठवडे तर १३ मार्चलाच उलटलेत. म्हणून दुसरा डोस लगेच पुढच्या आठवड्यात द्यायचा का? नाही. पहिला डोस प्रत्यक्ष मिळाल्यापासून किमान चार आठवडे जायलाच हवेत, म्हणजे १७ एप्रिल. पहिल्या डोसने जागी झालेली प्रतिकारशक्ती पक्की व्हायला वेळ लागतो. घाईने दिलेल्या दुसऱ्या डोसचा प्रतिसाद कमजोर पडू शकतो.

१७ एप्रिललाही बाळाला ताप असल्याने डोस २४ तारखेला दिला, तर तिसरा १५ मेऐवजी २२ मेला येतो. प्रत्येक वेळी मोजणी शेवटच्या मिळालेल्या डोसपासून करायची, हुकलेल्या तारखेपासून नव्हे. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीचे डोस जमेला राहतात. अर्थात, उशिराच्या काळात बाळाचं संरक्षण अपुरं असतं आणि डांग्या खोकला तान्ह्या बाळांनाच सर्वांत जास्त छळतो.

गावात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी लसीकरण होत असेल, तर दोन सत्रांत २८ किंवा ३५ दिवस जातात, कमी कधीच नाही. त्यामुळे चार आठवड्यांचं अंतर आपोआप पाळलं जातं.

‘महिन्यांनी’ असं सांगितलेल्या लसींना मात्र हा हिशोब लावू नये. मोठ्यांच्या हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो आणि सहा महिने म्हणजे चोवीस आठवडे नव्हेत. म्हणून केंद्रातून निघण्याआधी आरोग्यसेविकेकडून पुढची तारीख वारासकट कार्डावर लिहून घ्या.