वाक्याचा चकवा

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर–अमरावती महामार्गावरचं, संत्र्यांच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या बाजारात सहज घडू शकेल अशी एक गोष्ट एका वाक्यात सांगतो. घाई न करता वाचा.

शेतकऱ्याने व्यापाऱ्याला संत्री विकणाऱ्या बाईला पत्ता दिला.

अडखळलात ना? बहुतेकांची नजर ‘बाईला’पाशी थबकते आणि मागे वळते. छपाईत चूक झाली असावी, अशीही शंका येते. पण चूक कुठेच नाही. एक बाई आहे, ती व्यापाऱ्याला संत्री विकते, आणि तिला शेतकऱ्याने पत्ता दिला. इतकी साधी गोष्ट. शब्द सगळे रोजचे, व्याकरण चोख. मग ठेच कशाची लागली?

वाक्य कागदाने झाका आणि एकेक शब्द उघडत जा. ‘शेतकऱ्याने’. हा ‘ने’ दिसताच आपण कामाला लागतो. माणसाला लागलेला ‘ने’ म्हणजे हा काम करणारा, आणि क्रियापद बहुधा भूतकाळी असणार, ‘दिला’, ‘विकली’, ‘सांगितलं’ अशासारखं. एका अक्षराच्या प्रत्ययावरून आपण वाक्याच्या पार टोकाला येणाऱ्या शब्दाचं रूप ताडतो! पुढे ‘व्यापाऱ्याला’. आता देणारा आणि घेणारा दोघेही हजर. मग ‘संत्री’. झालं, चित्र पुरं झालं. एक शेतकरी, एक व्यापारी, मध्ये संत्री. आता फक्त ‘विकली’ यायचं बाकी आहे, आणि खरं तर मनात ते येऊनही गेलेलं असतं.

येतो मात्र ‘विकणाऱ्या’. विकणारा शेतकरी नाहीच, कुणीतरी वेगळं आहे. ते कोण हे अजून कळलेलं नाही, तरी तो ‘-ऱ्या’ आगाऊ खबर देतो की पुढच्या नामाला प्रत्यय लागलेला असेल, नाहीतर ते ‘बायका’सारखं स्त्रीलिंगी अनेकवचन असेल. म्हणजे न वाचलेल्या शब्दाची निम्मी ओळख आधीच पटली.

खरी गंमत यापुढे आहे. ‘विकणाऱ्या’पाशी आपण लगेच डागडुजी करतो. शेतकरी आणि व्यापारी होते तिथेच ठेवतो आणि फक्त संत्री त्या नव्या विक्रेत्याच्या हवाली करतो. ही डागडुजी चुकीची नाही. वाक्य असं संपलं असतं तर ती तरली असती:

शेतकऱ्याने व्यापाऱ्याला संत्री विकणाऱ्या बाईचा पत्ता दिला.

इथे पत्ता मिळाला व्यापाऱ्याला. पण आपल्या वाक्यात ‘बाईचा’ नसून ‘बाईला’ आहे. पत्ता घेणारी बाई ठरल्यावर व्यापाऱ्याला बाहेरच्या वाक्यात जागाच उरत नाही. त्याला उचलून आतल्या, बाईच्या वाक्यात न्यावं लागतं. एक प्रत्यय बदलला आणि एक अख्खा माणूस या वाक्यातून त्या वाक्यात गेला! एकाच ओळीत दोन चकवे, आणि दुसरा पहिल्याच्या दुरुस्तीतून निघालेला.

आता थोडं थांबून या ठेचेकडे पुन्हा पाहू. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेव्हा वाचणाऱ्याने निवांत बसावं, शब्द गोळा करावेत, क्रियापद आलं की मग अर्थ लावावा, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं करणाऱ्याला ठेच लागलीच नसती. ज्याने काही बांधलंच नाही, त्याचं काय मोडणार? आपण अडखळतो याचा अर्थ क्रियापदाआधीच आपण वाक्य उभं केलेलं असतं. आमच्याकडे मृगाचा पहिला शिडकावा झाला की पेरून मोकळा होणारा शेतकरी असतो, तसा हा मेंदू. बहुतेक वर्षी साधतं. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी करावी लागते.

ही दुबार पेरणी डोळ्यांत दिसते, अगदी मोजता येते. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद ती एका जागी टेकते. 1982 साली लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी वाचकांना अशी फसवी इंग्रजी वाक्यं देऊन त्यांच्या नजरेच्या हालचाली टिपल्या. बिंग फोडणाऱ्या शब्दांपाशी नजर जास्त वेळ रेंगाळली. आणि मागे वळताना ती कुठेही भरकटली नाही, वाक्याच्या आरंभाकडेही नेमाने गेली नाही. अनेकदा ती थेट जिथे वाट चुकली होती तिथेच पोचली. चूक झाल्याचं कळतं ना कळतं तोच ती कुठे झाली हेही डोळ्यांना ठाऊक!

इंग्रजीत या वाक्यांना ‘गार्डन पाथ’ वाक्यं म्हणतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य टॉमस बेव्हर यांनी 1970 मध्ये मांडलं. कोठारापलीकडे दौडवलेला घोडा पडला, एवढाच त्याचा अर्थ, पण इंग्रजीत ‘दौडला’ आणि ‘दौडवलेला’ यांचं रूप एकच असल्याने पुष्कळ इंग्रजीभाषकांना ते वाक्य चुकीचंच वाटतं. जपानी आपल्यासारखी, क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा. तिथेही ‘खाल्लं’ आणि ‘खाल्लेला’ यांना एकच रूप चालतं, त्यामुळे वाक्य संपलं असं वाटत असतानाच पुढे एक नाम येऊन उभं राहतं आणि सगळं उलटतं. मराठी त्या मानाने दयाळू आहे. ‘विकली’ आणि ‘विकणाऱ्या’ यांचे शेवट वेगळे, म्हणून पहिला चकवा शब्द संपायच्या आतच उघडा पडतो.

चकव्यात अर्थाचाही हात असतो. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला संत्री विकणं ही नेहमीची गोष्ट, म्हणून आपण बेधडक पेरलं. शेतकऱ्याच्या जागी पोस्टमन घाला. पोस्टमन संत्री विकत नसतो, त्यामुळे ‘विकणाऱ्या’चा धक्का सौम्य वाटावा. इंग्रजीत हे तपासलेलं आहे. ‘तपासलं’ की ‘तपासलेला’ असा पेच असलेल्या वाक्यात आधी ‘आरोपी’ हा शब्द असला तर वाचक फसतो, कारण आरोपी काहीतरी तपासू शकतो. ‘पुरावा’ असला तर बराच कमी फसतो, कारण पुराव्याला काहीच तपासता येत नाही. जॉन ट्रूझवेल आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हे दाखवलं.

दुबार पेरणी केली तरी पहिल्या पेरणीचे कोंब शेतात राहतात, हे तर मला सर्वांत विलक्षण वाटतं. किएल ख्रिश्चनसन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक इंग्रजी वाक्य वापरलं. ॲना कपडे घालत असताना बाळ खेळत होतं, असा त्याचा अर्थ. पण शब्दांची रचना अशी, की आधी वाटतं ॲना बाळालाच कपडे घालतेय. वाचून झाल्यावर विचारलं, ॲनाने बाळाला कपडे घातले का? बाळ खेळत होतं हे नीट उमगलेल्या वाचकांपैकीही अनेकांनी ‘हो’ म्हटलं. नवा अर्थ लागला होता आणि जुनाही गेला नव्हता.

आपल्या वाक्यातून मात्र चकवा काढता येतो, कारण मराठीत शब्द हलवायला भरपूर मोकळीक आहे. ‘जी बाई व्यापाऱ्याला संत्री विकते, तिला शेतकऱ्याने पत्ता दिला.’ इथे ‘जी’ हा शब्द दारातच सांगतो की आतलं वाक्य सुरू झालं, बाहेरचं पुढे येईल. पण एवढंही करायची गरज नाही. मूळ वाक्यातला एकही शब्द, एकही प्रत्यय न बदलता फक्त शेतकऱ्याला थोडं पुढे सरकवा: ‘व्यापाऱ्याला संत्री विकणाऱ्या बाईला शेतकऱ्याने पत्ता दिला.’ आता संत्री विकली जाताना शेतकरी समोर नाहीच, त्यामुळे ती विकल्याचा आळ त्याच्यावर येत नाही.