मोटारीमागचा फुटपाथ

पुण्याच्या पेठांतला एखादा जुना वाडा छापायला घ्यायचा, तर दारासमोर उभी असलेली मोटार हमखास आडवी येते. फोटोवर काम करणारे ती पुसून टाकतात. डांबरावर डांबर चिकटवणं सोपं आहे. खरी परीक्षा फुटपाथच्या काळ्या-पांढऱ्या कडेची असते. मोटारीमागे ती कुठून गेली असेल, तिचा प्रत्येक पट्टा किती रुंद आणि किती उंच दिसला असता, हे अंदाजाने ठरवलं की फोटो खोटा वाटू लागतो. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण रस्ता तिथे मोडल्यासारखा दिसतो.

म्हणून आधी पुसायचं नाही, आधी रेघा ओढायच्या. त्याहीआधी भिंगामुळे फोटोत आलेला बाक काढून टाकायचा, कारण वाकलेल्या रेघेवर पुढचं सगळं गणित चुकतं. मग मोटारीच्या अलीकडे आणि पलीकडे दिसणाऱ्या कडेच्या दोन्ही रेघा, वरची आणि रस्त्याला टेकलेली, वेगळ्या लेयरवर दूरवर वाढवायच्या. सरळ रस्त्यावर त्या एका बिंदूत मिळतात. चित्रकलेत त्याला लोपबिंदू म्हणतात. रस्त्याच्या मधली पांढरी रेघही त्याच बिंदूकडे जायला हवी. रस्ता सपाट असेल तर हा बिंदू क्षितिजरेषेवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. चढावर तो वर सरकतो. फुटपाथ वळत असेल तर हे सगळं लागू होत नाही आणि काम कितीतरी अवघड होतं.

रेघ मिळाली तरी पट्टे उरतातच. इथे बहुतेकांचा हात चुकतो, कारण पट्टे लांब जाताना ठरावीक अंतराने लहान होत नाहीत. समजा, कॅमेरा सरळ धरलेला आहे आणि मोटारीच्या अलीकडे एका पट्ट्याची सुरुवात क्षितिजरेषेच्या ६०० पिक्सेल खाली आहे, शेवट ५०० पिक्सेल खाली. डोळा म्हणतो, पुढचा शेवट ४००वर. तो खरा ४२९च्या आसपास येतो. क्षितिजापासूनचं हे अंतर प्रत्यक्षातल्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतं. ६०० म्हणजे ३००० भागिले ५, ५०० म्हणजे ३००० भागिले ६. मग पुढच्या कडा ३०००ला ७, ८, ९ आणि १०ने भागून मिळतात: ४२९, ३७५, ३३३, ३००. समजा मोटारीने मधल्या ४२९ आणि ३७५ या दोन कडा झाकल्या आहेत. तर ३३३ आणि ३०० या पलीकडे दिसणाऱ्या कडा फोटोत मोजून पाहायच्या. जुळल्या तर मधल्या दोन्हींवर विश्वास ठेवता येतो.

उंचीसाठी हिशेब आणखी सोपा आहे. कॅमेरा दीड मीटरवर आणि फुटपाथची कड १५ सेंटिमीटर उंच असेल, तर कड पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा दहावा भाग व्यापते. ६०० पिक्सेलवर ६०, ३०० पिक्सेलवर ३०.

आता भरायचं काय, हा प्रश्न. नव्याने रंगवण्यापेक्षा शेजारचेच खरे पट्टे उचलून हिशेबाने काढलेल्या चार कोपऱ्यांत बसवलेले चांगले. ते जवळच्या भागातून घ्यावेत. लांबचा तुकडा मोठा करून जवळ आणला की डांबराची खडी विरघळल्यासारखी दिसते. फोटोशॉपमधल्या Vanishing Point या फिल्टरमध्ये रस्त्यावर जाळी बसवली की क्लोनचा शिक्का लांब जाताना आपोआप बारीक होतो. जाळी लाल झाली तर समजावं की चार कोपरे एका पातळीत बसलेले नाहीत. फक्त तोच पट्टा दोनदा वापरू नये. रंगाचा तोच टवका किंवा पानाची तीच पिचकारी दोन ठिकाणी दिसली की लबाडी कुणालाही कळते.

मोटार गेली तरी तिची सावली मागे राहते. चाकांखालचा गडद पट्टा, वाड्याच्या जोत्यावर पडलेली छाया, शेजारच्या काचेतलं तिचं प्रतिबिंब, हे सगळं शोधून काढावं लागतं. झाडाची सावली रस्त्यावरून कडेवर चढताना मोडते, तीही तिथेच मोडून दाखवायला हवी.

बातमीच्या फोटोत यातलं काहीही करू नये, तिथे मोटार हा पुरावाच असतो. वास्तुशास्त्राच्या पुस्तकासाठी करायचं तर मूळ फोटो जपून ठेवावा आणि मजकुरात बदल सांगावा. शक्य असेल तर तिवई न हलवता थोड्या थोड्या वेळाने फोटो काढत राहावं. जागा रिकामी झाली की खरा रस्ताच हाती येतो.

नाहीतर पलीकडच्या कडेची मोजणी हाच आधार. आपल्या उदाहरणात ती ३३३ऐवजी ३५०वर निघाली आणि रेघा तपासूनही फरक गेला नाही, तर मोटारीमागे सलग कड नसावी. वाड्याच्या दारात गाडी आत नेण्यासाठी फुटपाथ उतरता केलेला असू शकतो, किंवा मधला दगड बदललेला असेल. अशा वेळी नियमित पट्टे काढून जागा भरण्याऐवजी त्याच दाराचा दुसऱ्या कोनातून घेतलेला फोटो मागवावा.