स्क्वॅट कधी बदलायचा?

ओळखीच्या एका बाईंनी त्यांची जिमची वही मला वाचायला दिली. वय 41, दीड वर्षापासून नियमित व्यायाम. ट्रेनर दर महिन्याला पायांचा व्यायाम बदलत असे: जानेवारीत खांद्यावर बार घेऊन स्क्वॅट, फेब्रुवारीत लेग प्रेस, मार्चमध्ये लंज, एप्रिलमध्ये छातीशी डंबेल धरून स्क्वॅट, मेमध्ये पुन्हा बार. कारण एकच सांगितलं जायचं, "बॉडीला सवय लागते, शॉक द्यायला पाहिजे."

वहीत प्रत्येक महिना चढता दिसत होता. म्हणून मी फक्त बारच्या स्क्वॅटची पानं एकापुढे एक ठेवली. जानेवारीत 30 किलोपासून 40 पर्यंत. मेमध्ये 32.5 पासून पुन्हा 40. सप्टेंबरमध्ये 32.5 पासून 42.5. आठ महिन्यांची खरी कमाई अडीच किलो.

असं का होतं? नवीन हालचाल सुरू केली की पहिले काही आठवडे शिकण्यात जातात. कोणते स्नायू कधी आणि किती जोराने ओढायचे, तोल कसा सांभाळायचा, हे मेंदू आणि नसा बसवत असतात. त्यामुळे वजन भराभर वाढतं, पण तेवढ्यात मांडी फारशी जाडजूड झालेली नसते. स्नायूची वाढ सावकाश होते आणि हालचाल पक्की झाल्यावरच त्याच्यावर पुरेसा भार पडू लागतो. या बाई नेमक्या त्याच टप्प्यावर येऊन दर वेळी पुढच्या व्यायामाकडे वळत होत्या. बदलानंतर पाय दुखायचे, त्यावरून व्यायाम लागू पडतोय असं वाटायचं. पण ते दुखणं मुख्यतः नवेपणाचं असतं. तोच व्यायाम तिसऱ्या-चौथ्या वेळी केला की ते ओसरतं आणि वाढ तरीही चालू राहते.

मग एकच व्यायाम वर्षभर करावा का? तसंही नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला चार भाग आहेत. त्यांतला एक, रेक्टस फेमोरिस, कंबरेच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. स्क्वॅटमध्ये खाली बसताना तो गुडघ्यापाशी ताणला जातो आणि जांघेपाशी सैल पडतो, त्यामुळे त्याची लांबी फारशी बदलत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 12 आठवड्यांच्या ब्राझीलमधल्या एका अभ्यासात फक्त स्क्वॅट करणाऱ्यांच्या मांडीचे चारही भाग सारखे वाढले नाहीत. स्क्वॅट, लेग प्रेस, डेडलिफ्ट आणि लंज करणाऱ्यांचे चारही वाढले, ताकदही जास्त आली.

वैविध्य हवंच. माझं म्हणणं एवढंच की ते एकाच आठवड्यात शेजारी-शेजारी ठेवावं, महिन्यामागून महिना एकाची जागा दुसऱ्याला देऊ नये. बाईंनी तसंच केलं. सोमवारी स्क्वॅट आणि बसून पाय सरळ करण्याचं लेग एक्स्टेंशन, गुरुवारी स्क्वॅट आणि लंज. स्क्वॅट 32.5 किलोपासून, आठ-आठचे तीन सेट. तिन्ही सेटमध्ये दहा जमले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवून पुन्हा आठ. सोळाव्या आठवड्यात बारवर 47.5 होते.

बदल कधी करायचा याची उत्तरं वहीतच मिळतात. तीन आठवडे ना वजन वाढलं ना एखादी रेप, तर आधी झोप, जेवण आणि दोन सेटमधली विश्रांती तपासावी. जड स्क्वॅटला दोन-तीन मिनिटं लागतातच. मग आठवडाभर वजन दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढावं. तरीही अडलं तर जवळचाच प्रकार घ्यावा, उदाहरणार्थ बार खांद्यांच्या पुढे धरून केलेला स्क्वॅट, आणि त्यालाही तीन-चार महिने द्यावेत.

सांध्याच्या दुखण्याला मात्र थांबू नये. स्नायूचं दुखणं बोथट, पसरलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. गुडघ्यात एकाच जागी टोचत असेल आणि सेटागणिक वाढत असेल, तर तो प्रकार त्याच दिवशी सोडावा. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं.

कंटाळा हेही खरं कारण आहे. स्पेनमधल्या 2019 च्या एका अभ्यासात सरावलेल्या पुरुषांच्या एका गटाचे व्यायाम दर वेळी बदलले. आठ आठवड्यांनी ताकद आणि स्नायू दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले, पण बदल करणाऱ्यांचा उत्साह वाढला होता. व्यायाम सुटण्यापेक्षा बदल केव्हाही बरा. त्यासाठी दंडाचे, खांद्याचे, पोटरीचे छोटे व्यायाम सहा-आठ आठवड्यांनी बदलावेत. त्यांत शिकण्यासारखं थोडं असतं, म्हणून बदलाने नुकसानही थोडं. या बाईंनी दंडाचा व्यायाम दोनदा बदलला, स्क्वॅटला हात लावला नाही.