छापील ओळ आणि पेनाची फुली

किडनीच्या रुग्णाला दवाखान्यातून मिळणारा आहारतक्ता बहुधा आधीच छापलेला असतो. सगळ्यांना एकच कागद. त्या रुग्णापुरता खरा आहार ठरतो तो आहारतज्ज्ञाने त्यावर पेनाने केलेल्या खाडाखोडीत. घरी गेल्यावर कागद चुरगळेल म्हणून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, तो घरच्या ग्रुपवर जातो आणि स्वयंपाक करणारीला त्यातली ओळ मोठी करून वाचावी लागते. म्हणून फोटोवरून वेळेनुसार साधा तक्ता करून घेणं सोयीचं. पण नेमकी चूक होते ती इथेच.

फोटोतली अक्षरं ओळखून देणारी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. छापील मजकूर ती बऱ्यापैकी उचलते, मात्र ‘शहाळ्याचे पाणी’ या शब्दांवर मारलेली रेघ तिच्या हाती लागेलच असं नाही. रेघ गळली की बंद केलेला पदार्थ चालणाऱ्या पदार्थांत जाऊन बसतो. दोन रकाने असतील तर नाश्त्याची ओळ शेजारच्या जेवणाच्या ओळीला चिकटते. हाताने लिहिलेला १ हा 9 वाटतो, ‘१/२ वाटी’मधली तिरकी रेघ निसटून १२ उरतात. म्हणून मजकूर उतरवण्याआधी मूळ फोटो समोर ठेवून फक्त पेनाच्या खुणा मोजाव्यात: किती फुल्या, किती गोल, किती बाण. तक्ता पूर्ण झाल्यावर त्यात तेवढ्याच खुणा सापडल्या पाहिजेत.

समजा, साठीतल्या, अजून डायलिसिसवर नसलेल्या एका गृहस्थांचा कागद आहे. अकराच्या ओळीत ‘फळ १ / शहाळ्याचे पाणी’ असं छापलंय आणि शहाळ्यावर काट मारलीय. दुपारच्या ‘वरण १ वाटी’ला गोल करून बाजूला ‘१/२’ लिहिलंय. तळाशी घाईघाईत चार ओळी आहेत: ‘K↓ – केळे, मोसंबी, टोमॅटो, बटाटा, पालक बंद’, ‘भाजी उकळून पाणी टाकणे’, ‘मीठ कमी’, ‘एकूण द्रव १ लिटर’.

K म्हणजे पोटॅशियम. किडनी ते पुरेसं बाहेर टाकू शकली नाही तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तळाची ओळ दिवसभरासाठी असते, म्हणून ती तळाशीच ठेवून चालत नाही. तिला प्रत्येक वेळेच्या ओळीत न्यावं लागतं. ‘पोहे १ वाटी’ एवढंच उतरवलं तर पोह्यांत सवयीने बटाटा पडणार. ‘फळ १’ म्हटलं की घरात आधी केळंच सापडणार.

| वेळ | काय, किती | खूण |
|---|---|---|
| सकाळी ७ | चहा १ कप | द्रवात मोजा |
| ८.३० | पोहे १ वाटी | ✗ बटाटा, टोमॅटो |
| ११ | फळ १ | ✗ केळे, मोसंबी, शहाळे |
| १ | पोळ्या २, भाजी १ वाटी, वरण १/२ वाटी, ताक | ✗ पालक, बटाटा, टोमॅटो, भाजी उकळून, वरण, ताक द्रवात मोजा |
| ४.३० | चहा १ कप | द्रवात मोजा |
| रात्री ८ | भाकरी १, भाजी १ वाटी, वरण १ वाटी | दुपारप्रमाणे. वरण अर्धं की पूर्ण? विचारा |

शेवटच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह मुद्दाम आहे. गोल दुपारच्या वरणाला केला, रात्रीचं तसंच राहिलं. विसरून की हेतुपुरस्सर, ते कागद सांगत नाही. अशा जागी घरच्यांनी अंदाजाने अर्धं किंवा पूर्ण लिहू नये, दवाखान्यात फोन करावा.

‘एकूण द्रव’ म्हणजे फक्त पाणी नव्हे. दोन चहांचे २४० मिली, ताकाचे १५०, दोन वेळच्या पातळ वरणाचे मिळून १५० आणि गोळ्यांसोबतचं पाणी १०० धरलं, तर ६४० मिली झाले. तहानेसाठी उरलं ३६० मिली. हा हिशोब तक्त्याखाली लिहावा. तेवढं पाणी सकाळीच वेगळ्या बाटलीत भरून ठेवलं तर मोजणं सोपं जातं.

‘उकळून’ या खुणेलाही पूर्ण वाक्य हवं: भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, मग फोडणी घाला. यातून पोटॅशियम कमी होतं, संपत नाही. त्यामुळे फुली मारलेला पालक उकळला म्हणून चालत नाही. ‘मीठ कमी’ पाहून दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं जातं, तीही फसगतच. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. तेव्हा मिठाच्या खुणेपुढे ‘नेहमीचंच मीठ, पण कमी’ असं लिहावं.

तक्त्याच्या कोपऱ्यात मूळ कागदाची तारीख हवी, कारण ही बंधनं रक्ताच्या तपासणीवर बेतलेली असतात. पुढे डायलिसिस सुरू झालं तर त्यात प्रथिनं वाया जातात, म्हणून आज अर्ध्या वाटीवर आणलेलं वरण वाढवायला सांगितलं जाऊ शकतं. नवा कागद आला की जुना तक्ता भिंतीवरून काढावा आणि ग्रुपवरचा जुना फोटोही पुसावा.