प्रेस नोटमधून बातमी कशी निघते

२८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेतील अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. अपघात झाकण्याऐवजी कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने माहितीचे निवेदन लिहून पत्रकारांना दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. प्रेस नोटचा इतिहास बहुधा इथूनच सांगतात. त्याच वर्षी लीने संपादकांना कळवले होते, की आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे वाटले तर तो वापरूच नका.

आजही वृत्तपत्राच्या डेस्कवर उपसंपादक हीच चाळणी लावतो. समजा, तासगावातल्या एका कंपनीची नोट आली: ‘द्राक्षपट्ट्यातील अग्रगण्य समूहाच्या अत्याधुनिक शीतगृहाचे मान्यवरांच्या हस्ते दिमाखदार उद्घाटन.’ यात वाचकासाठी काहीच नाही. विशेषणे काढली की उरते फीत आणि कात्री.

तीच नोट अशी लिहिता येते: ‘तासगाव परिसरातील बेदाणा उत्पादकांना १ मेपासून ५०० टन जादा साठवणूक मिळणार आहे. निम्मी जागा लहान शेतकऱ्यांसाठी राखीव आहे.’ कंपनीचे नाव दुसऱ्या परिच्छेदात येते, कारण बातमी शेतकऱ्याची आहे. त्यापाठोपाठ पेटीमागे महिन्याचे भाडे, नोंदणी कुठे करायची आणि मालाच्या विम्याची तरतूद. मालकांचे मनोगत शेवटी, दोन वाक्यांत. जागा कमी पडली की डेस्कवर मजकूर सहसा खालून कापला जातो. मनोगत गेले तरी बातमी शाबूत राहते.

मुरलेला बातमीदार यावर थांबत नाही. ‘लहान शेतकरी’ म्हणजे किती एकरांचा? वीज गेली तर माल कोण भरून देणार? सरकारी अनुदान किती घेतले? याची उत्तरे तयार नसतील तर नोट पाठवायची घाई करू नये. उत्तरे टाळली, की बातमीचा रोख तिकडेच वळतो. नोटेवर दिलेला फोन माहितगार माणसाने स्वतः उचलायला हवा. शेजारच्या शीतगृहवाल्याला किंवा एखाद्या बागायतदाराला विचारून बातमीदार वेगळी बाजूही घालील. तो त्याचा हक्क आहे. ‘छापण्याआधी दाखवा’ ही मागणी इथेच संबंध बिघडवते.

फोटोही फीत कापतानाचा नको. शीतगृहात रचलेल्या पेट्या आणि तिथे काम करणारी माणसे दिसावीत, सोबत नावांसह ओळ असावी. ठरावीक दिवसापर्यंत बातमी रोखून धरायची असेल, तर मजकूर देण्याआधी बातमीदाराची संमती घ्यावी. नंतर घातलेली अट त्याला बांधील नसते.

आणि सांगण्यासारखे नवे काहीच नसेल, फक्त वर्धापनदिन असेल, तर जाहिरात विभागाकडून जागा विकत घ्यावी. तिथे मजकूर कंपनीचाच राहतो, वर ‘जाहिरात’ असा स्पष्ट उल्लेख मात्र हवा.