व्हॉट्सॲपवरील न दिसणारे चित्र

व्हॉट्सॲप या संदेशसेवेवर पाठवलेले एखादे छायाचित्र न दिसण्याची तीन निरनिराळी कारणे असू शकतात. ते कुणीतरी काढून टाकलेले असते, ते सेवेच्या साठ्यातून मुदत संपल्यामुळे गेलेले असते किंवा ते मुळात पोहोचलेलेच नसते. वापरणाऱ्याला तिन्ही वेळा ‘फोटो दिसत नाही’ एवढेच जाणवते. तिन्हींच्या खुणा मात्र वेगळ्या असतात. पावती, नोटीस किंवा ओळखपत्राचे चित्र पाठवले की नाही यावरून वाद उद्भवतो, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

चित्राचा प्रवास

व्हॉट्सॲपवर चित्र आणि संदेश एकत्र जात नाहीत. पाठवणाऱ्याचा फोन प्रथम चित्र कूटबद्ध करून कंपनीच्या सर्व्हरवर चढवतो. त्यानंतर समोरच्याला एक छोटा संदेश जातो. त्यात ते चित्र कोठे ठेवले आहे याचा पत्ता, ते उलगडण्याची किल्ली आणि एक अस्पष्ट लघुचित्र असते. मूळ चित्र आणण्याचे काम समोरचा फोन नंतर करतो. स्वयंचलित डाउनलोड बंद असेल, तर चित्राला बोटाने स्पर्श करेपर्यंत ते सर्व्हरवरच राहते. चिठ्ठी घरी पोहोचली, पण पार्सल टपाल कार्यालयातच पडून राहिले, असा हा प्रकार आहे. पुढील सर्व निदान या दुहेरी प्रवासावर आधारलेले आहे.

यावरून बरोबरच्या खुणांचा अर्थही स्पष्ट होतो. एक खूण म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत गेला. दोन खुणा म्हणजे तो समोरच्या फोनवर उतरला. निळ्या खुणा म्हणजे ते संभाषण उघडले गेले. यांपैकी कोणतीही खूण चित्र डाउनलोड झाल्याचे सांगत नाही. ‘निळी खूण आली, म्हणजे फोटो पाहिला’ हा सर्रास केला जाणारा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

काढून टाकलेले चित्र

पाठवणाऱ्याने सर्वांसाठी संदेश काढून टाकला, तर चित्राच्या जागी ‘This message was deleted’ असे वाक्य उरते. ही सोय 2017 साली आली. आरंभी तिची मुदत सात मिनिटांची होती. 2022 पासून ती सुमारे दोन दिवस बारा तासांची आहे. समूहात प्रशासकाने संदेश काढला असेल, तर तसा उल्लेख दिसतो. हे वाक्य दिसले की संशयाला जागा उरत नाही. कुणीतरी हेतुपुरस्सर ती कृती केलेली असते. आयफोनवर मात्र चित्र आधीच फोटो-संग्रहात साठले असेल, तर संदेश गेला तरी ते तेथे राहू शकते.

घेणाऱ्याने संदेश फक्त स्वतःपुरता काढला, तर त्याच्या फोनवर काहीच उरत नाही, रिकामी चौकटही नाही. त्यामुळे ही स्थिती ‘कधीच आले नाही’ या स्थितीसारखीच भासते. येथे घेणाऱ्याच्या फोनचा पडदा कितीही तपासला तरी उत्तर सापडत नाही. ते पाठवणाऱ्याच्या फोनवरील खुणांत असते.

तिसरा प्रकार वेगळा आहे. संदेश तसाच असतो, पण जागा मोकळी करताना गॅलरीतून फाइल पुसली गेलेली असते. अँड्रॉइड फोनमध्ये आलेली चित्रे या ठिकाणी असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

पाठवलेली चित्रे त्यातील `Sent` या उपसंचिकेत असतात. तेथील फाइल गेली की संभाषणात केवळ धूसर लघुचित्र राहते, आणि स्पर्श केल्यास ही माध्यम-फाइल साठवणीत नाही असा संदेश येऊ शकतो. गूगल फोटोज वापरून काढलेले चित्र काही काळ कचरापेटीत राहते. बॅकअप घेतलेल्या चित्रांसाठी हा काळ 60 दिवसांचा आहे. कचरापेटीत चित्र सापडणे हा ते काढल्याचा सर्वांत सरळ पुरावा होय.

मुदत संपलेले चित्र

न पोहोचलेला संदेश सर्व्हरवर 30 दिवस राखला जातो आणि नंतर काढला जातो. संदेश पोहोचला पण चित्र उतरवून घेतले नाही, तरीही ते सर्व्हरवर कायम राहत नाही. मुदतीनंतर धूसर चित्र आणि डाउनलोडचा बाण दिसत राहतो, पण स्पर्श केल्यावर डाउनलोड अयशस्वी होते.

ही स्थिती आणि गॅलरीतून पुसलेली फाइल दिसायला जवळजवळ सारख्या असतात. त्या वेगळ्या करण्याची एक रीत म्हणजे शेजारचे संदेश पाहणे. मुदत माणूस पाहून संपत नाही. त्याच काळात आलेली, न उघडलेली सर्वच चित्रे एकत्र निकामी होतात. पुसणारा माणूस मात्र निवड करतो. आगेमागेची चित्रे स्वच्छ उघडत असतील आणि मधले एकच जात नसेल, तर मुदतीपेक्षा पुसण्याची शक्यता अधिक असते. याला एक अपवाद आहे. नव्या फोनवर बॅकअपमधून केवळ मजकूर परत आणला असेल, तर त्या दिवसापूर्वीची सगळी चित्रे धूसर दिसतात. तेथे मुदतही संपलेली नसते आणि कुणी पुसलेलेही नसते.

अदृश्य होणारे संदेश सुरू असतील, तर ठरवलेल्या 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनंतर चौकटीसह सर्व काही जाते. ही सोय सुरू केल्याची नोंद मात्र संभाषणात उमटते, ती शोधावी. एकदाच पाहता येणारे चित्र 14 दिवसांत न उघडल्यास बाद होते.

न पोहोचलेले चित्र

येथे घेणाऱ्याकडे काहीच नसते. पाठवणाऱ्याकडे घड्याळाचे चिन्ह असेल, तर संदेश त्याच्याच फोनमध्ये अडकला आहे. एकच खूण कायम असेल, तर समोरचा फोन बंद किंवा नेटवर्कबाहेर राहिला असावा, अथवा त्याने पाठवणाऱ्याला ब्लॉक केले असावे. ब्लॉक असतानाचे संदेश पुढे ब्लॉक काढल्यावरही येत नाहीत. ‘Waiting for this message. This may take a while.’ ही पाटी वेगळी आहे. संदेश आला आहे, पण उलगडता आलेला नाही, असा तिचा अर्थ होतो.

उदाहरण

एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराने 12 मार्चला देखभाल शुल्काच्या पावतीचे चित्र एका सभासदाला पाठवले असे समजू. जूनमध्ये सभासद म्हणतो की पावती मिळालीच नाही. खजिनदार निळ्या खुणा दाखवतो. सभासदाच्या फोनवर संदेशाची चौकट आहे, तेव्हा ‘न पोहोचलेले’ हा पर्याय बाद होतो. ‘This message was deleted’ असे नाही, तेव्हा पाठवणाऱ्याने काढलेले नाही. चौकटीत धूसर चित्र आणि बाण आहे. मार्चमधील इतर संभाषणांतली न उघडलेली चित्रेही उतरत नाहीत, मे महिन्यातली मात्र उतरतात. फोन बदललेला नाही. सभासदाने मोबाइल डेटा वाचवण्यासाठी स्वयंचलित डाउनलोड बंद ठेवले होते. निष्कर्ष असा की मुदत संपली आहे. खजिनदाराने पाठवले हे खरे, आणि सभासदाने पावती पाहिली नाही हेही खरे. खजिनदाराच्या `Sent` उपसंचिकेत मूळ फाइल असल्यास ती पुन्हा पाठवता येते.

मर्यादा

पाठवणाऱ्याकडे दोन खुणा असून घेणाऱ्याकडे चौकटच नसेल, तर ती त्याने काढली की जुना बॅकअप परत आणताना हरवली, हे पडद्यावरून ठरत नाही. त्यासाठी फोनमधील संदेशांचा डेटाबेस तज्ज्ञाकडून तपासावा लागतो. पडद्याचे छायाचित्र एका बाजूचेच असते आणि ते बदलताही येते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून वाद चालू असताना दोन्ही फोनवरील संभाषण जसेच्या तसे ठेवावे, आणि ॲप काढून पुन्हा बसवण्याचा प्रयोग टाळावा.